कीर्तनाच्या हॉलबाहेरची चपलांची व्यवस्था: शेवटच्या पंधरा मिनिटांसाठीची मांडणी

प्रश्न: श्रावणात सांगलीत एका मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये आमच्या मंडळाचे कीर्तन आहे. भारतीय बैठक असल्यामुळे पादत्राणे बाहेरच काढायची आहेत आणि साधारण ६०० श्रोते येतील. गेल्या वर्षी चपलांचा ढीग झाला, बऱ्याच जणांच्या चपला बदलल्या आणि काहींना अनवाणी घरी जावे लागले. यंदा टोकन आणि स्वयंसेवक ठेवायचे ठरले आहे. किती माणसे लागतील, टोकन कसे असावे आणि मांडणी कशी करावी?

उत्तर:

सांगली-मिरज परिसरातील सप्ताह, कीर्तने आणि लग्नसमारंभ यांत चपलांचा विभाग मी गेली बावीस वर्षे सांभाळतो आहे, आणि त्या अनुभवावरून पहिली गोष्ट ही सांगतो की आपली मांडणी श्रोते येतानाच्या वेळेसाठी करू नका, ते जातानाच्या वेळेसाठी करा. कीर्तनाला माणसे पाऊण तासात सावकाश येतात, पण आरती संपून प्रसाद हातात पडला की सगळी एकाच वेळी दाराकडे वळतात. घेताना व्यवस्थित चाललेली व्यवस्था देताना कोलमडते ती यामुळेच. म्हणून खिडक्या, माणसे आणि फळ्या यांचा हिशोब आधी परत देण्याच्या गतीवरून करावा. घेण्याचे काम त्यात आपोआप बसते.

गेल्या वर्षी जे झाले त्यात चोरीचा भाग फार थोडा असावा, असे मला वाटते. ढिगातून एकजण घाईत आपल्यासारखीच दिसणारी काळी सँडल घालून जातो, ज्याची ती असते तो थोडा वेळ शोधतो आणि मग तिच्याशी मिळतीजुळती दुसरी घालतो, आणि ही साखळी शेवटच्या माणसापर्यंत जाऊन त्याच्या वाट्याला अनवाणी जाणे येते. आपल्याकडे कोल्हापुरी चपला फार वापरतात (या चपलेच्या भौगोलिक मानांकनात सांगली आणि सातारा हे जिल्हेही आहेत), आणि एकाच दुकानातून घेतलेले, एकाच मापाचे दोन जोड अंधारात त्यांच्या मालकांनाही वेगळे ओळखता येत नाहीत. म्हणजे आपल्याला पहारा नको आहे, तर प्रत्येक जोड ज्याने ठेवला त्याच्याच हाती जाईल अशी जुळणी हवी आहे.

आता हिशोब. टोकन माणशी देऊ नये, पिशवीमागे द्यावे. एकत्र आलेल्या कुटुंबाने आपले सगळे जोड एकाच कापडी पिशवीत घातले तर देवघेव निम्म्यावर येते. कीर्तनाला एकटे येणारे ज्येष्ठही बरेच असतात, म्हणून एका पिशवीत सरासरी दीड-पावणेदोन जोड धरावेत. सोयीसाठी १.६ धरले तर ६०० श्रोत्यांच्या ३७५ पिशव्या होतात. एका खिडकीवर टेबलाशी एक आणि आत दोन अशी तीन माणसे असली आणि जागा ठरलेल्या असल्या, तर आतला एक माणूस टोकन घेऊन जातो, पिशवी आणतो आणि जुळवून देतो याला साधारण वीस सेकंद लागतात. दोघे मिळून दर दहा सेकंदांना एक, म्हणजे मिनिटाला सहा पिशव्या. अशा चार खिडक्यांवरून मिनिटाला चोवीस पिशव्या जातात आणि ३७५ पिशव्यांना सुमारे सोळा मिनिटे लागतात. दोनच खिडक्या ठेवल्या तर हाच वेळ अर्ध्या तासाच्या वर जातो, आणि अर्धा तास कोणीही शांतपणे उभे राहत नाही, विशेषतः पावसात आणि रात्री नऊनंतर. माझ्या अनुभवात वीस मिनिटांच्या आत काम उरकले तर कोणी आवाज चढवत नाही. त्यापुढे लोक टेबलावरून आत डोकावू लागतात आणि मग शिस्त राहत नाही. म्हणून आपल्यासाठी चार खिडक्या, त्याहून कमी नाहीत.

माणसे अशी: चार खिडक्यांवर प्रत्येकी तीन म्हणजे बारा, छत्र्या आणि हेल्मेट यांच्या वेगळ्या टेबलावर दोन, समोर पिशव्या देणारे आणि वाट दाखवणारे तीन, आणि सर्वांवर एक प्रमुख. एकूण अठरा. प्रमुखाने स्वतः कोणत्याही खिडकीवर बसू नये. त्याचे काम फिरत राहणे, तुंबलेली रांग रिकाम्या बाजूला वळवणे आणि हरवलेल्या टोकनांचे प्रश्न निकाली काढणे हे आहे.

चारशेहून अधिक पिशव्यांच्या फळ्या कोठून आणायच्या, हा प्रश्न आपल्या जिल्ह्यात सोपा आहे. तासगाव भागातील कोणत्याही द्राक्ष बागायतदाराकडे माल भरायचे प्लॅस्टिकचे क्रेट शेकड्यांनी असतात, आणि द्राक्षाचा हंगाम जानेवारी ते एप्रिल असल्यामुळे श्रावणात ते रिकामे पडलेले असतात. क्रेट आडवा करून त्याचे तोंड समोर आणले की दोन पिशव्यांचा खण तयार होतो. तोंडाची रुंदी साधारण पावणेदोन फूट असते, त्यात डावीकडे एक आणि उजवीकडे एक पिशवी आरामात बसते. सात क्रेट शेजारी शेजारी आणि चार थर वर, अशी एक भिंत केली तर तिच्यात अठ्ठावीस क्रेट म्हणजे ५६ जागा होतात आणि तिची लांबी साडेबारा फुटांच्या आसपास भरते. एका खिडकीसाठी अशा दोन भिंती समोरासमोर ठेवाव्यात, मध्ये चार फुटांची वाट सोडावी आणि वाटेच्या तोंडाशी टेबल आडवे लावावे. डाव्या भिंतीवर १ ते ५६, उजव्या भिंतीवर ५७ ते ११२. आतल्या दोघांना एकेक भिंत वाटून दिली की ते एकमेकांना धडकत नाहीत, आणि तासाभरात प्रत्येकाला आपल्या भिंतीवरील जागा पाठ होतात. चार खिडक्या मिळून ४४८ जागा होतात. हिशोबापेक्षा सत्तर-एक जास्त. एवढी सैल जागा लागतेच, कारण बुटांचे दोन जोड असलेली पिशवी कधीकधी अख्खा खण अडवते.

चारपेक्षा जास्त थर रचू नका. पाचव्या थरावरची पिशवी काढताना उंचीने कमी असलेला स्वयंसेवक क्रेट ओढतो आणि सगळी उतरंड त्याच्या अंगावर येते. शेजारच्या खिडकीच्या भिंतीशी आपली भिंत पाठीला पाठ लावून सुतळीने तीन ठिकाणी घट्ट बांधली की दोन्ही एकमेकींना धरून ठेवतात. कडेच्या दोन भिंतींना मंडपाच्या खांबांचा आधार द्यावा. एवढ्या रचनेला सव्वीस फूट रुंद आणि अठरा फूट खोल अशी आच्छादित जागा पुरते. कार्यालयाचा पोर्च तेवढा नसेल तर मंडपवाल्याकडून पत्र्याचे छत घ्या. कापडी छत श्रावणातल्या सरीला टिकत नाही.

जागा निवडताना एक गोष्ट डोळ्यांसमोर ठेवावी. हॉलबाहेर एक रेषा असते, जिच्या अलीकडे लोक चपला घालून असतात आणि पलीकडे अनवाणी. आपली टेबले त्या रेषेवरच आली पाहिजेत. टेबले रेषेच्या अलीकडे असली तर चपला देऊन झाल्यावर लोक चिखलाच्या पायांची जमीन तुडवत हॉलकडे जातात आणि तो चिखल सतरंजीवर येतो. टेबले पलीकडे असली तर लोक चपला हातात घेऊन स्वच्छ जागेतून फिरतात. रेषेवर तागाची जाड पायपुसणी एकापुढे एक दोन रांगांत अंथरावीत आणि तासाभराने भिजलेली बदलावीत, म्हणून दुप्पट संख्येने मागवावीत. टेबलापासून हॉलच्या दारापर्यंत पट्टी अंथरलेली असावी, कारण ओल्या गुळगुळीत फरशीवर अनवाणी पाय सटकतो आणि मोजे घातलेला पाय त्याहून लवकर सटकतो. टेबलांच्या अलीकडे, चपला काढायच्या ठिकाणी, किमान पंधरा खुर्च्या ठेवाव्यात. बुटाची नाडी उभ्याने सोडणे साठीपुढच्या माणसाला जमत नाही आणि तो भिंतीला टेकून उभा राहिला की त्याच्या मागची सगळी वाट अडते.

पिशव्या आणि टोकन यांच्याबद्दल मी थोडे सविस्तर लिहितो, कारण बहुतेक ठिकाणी चूक येथेच होते. पिशवी कापडी असावी, बंदांची असावी आणि साधारण बारा इंच बाय सोळा इंच असावी. बचत गटाकडून मांजरपाटाच्या शिवून घेतल्या तर वर्षानुवर्षे टिकतात. प्लॅस्टिकची पिशवी नको. वनस्पतिजन्य द्रव्यांनी कमावलेल्या चामड्याची कोल्हापुरी चप्पल ओली झालेली असताना दोन-तीन तास प्लॅस्टिकमध्ये बंद राहिली तर तिला वास येतो, तळ मऊ पडतो आणि रंग शेजारच्या जोडाला लागतो. कापडी पिशवीत वर्तमानपत्राचे एक पान घडी करून घातले की ते बरेचसे पाणी शोषून घेते. पिशवीचा दुसरा फायदा असा की, दुसऱ्याच्या चपलेला हात लावायला अनेक स्वयंसेवक मनातून तयार नसतात. बंद धरून पिशवी उचलायला कोणाचीच हरकत नसते. तरीही या विभागातील माणसांना प्रसाद वाटण्याचे काम देऊ नये आणि त्यांच्यासाठी साबण-पाण्याची सोय जवळच ठेवावी.

पिशवीवर खिडकीचे अक्षर ठळक छापलेले असावे: अ, ब, क, ड. समोरचा स्वयंसेवक पिशव्या देताना आळीपाळीने देतो, अ नंतर ब, मग क, मग ड, आणि श्रोता त्याच अक्षराच्या खिडकीकडे जातो. हे केले नाही तर सगळे दाराजवळच्या पहिल्या खिडकीवर गर्दी करतात, ती भरते, चौथी रिकामी राहते, आणि मग परतीच्या वेळी चार खिडक्यांचा सगळा हिशोब फुकट जातो. खिडकीला अक्षरासोबत रंगही द्यावा, पण केवळ रंगावर विसंबू नये. काही पुरुषांना लाल-हिरव्यातला फरक कळत नाही आणि रात्रीच्या पिवळ्या दिव्याखाली सगळेच रंग फसवतात.

टोकन म्हणजे पत्र्याचे किंवा जाड प्लॅस्टिकचे गोल बिल्ले, एका क्रमांकाचे दोन. कागदी चिठ्ठ्या वापरू नका. काही वर्षांपूर्वी, एका गावातल्या कार्यक्रमात, आम्ही घाईत शाईने लिहिलेल्या चिठ्ठ्या दिल्या होत्या. मध्येच जोराची सर आली आणि बाहेर उभ्या असलेल्या माणसांच्या मुठीत चिठ्ठ्यांचा लगदा झाला. क्रमांक वाचता येईना, म्हणून आम्ही लोकांना आत येऊन आपापली पिशवी ओळखायला सांगितले, आणि पाच मिनिटांत सगळ्या पिशव्या उघड्या पडून पुन्हा ढीग झाला. त्या रात्री शेवटी नऊ जोड उरले आणि नऊच माणसे उरली, पण त्यांतला एकही जोड त्यांच्यापैकी कोणाचा नव्हता. तेव्हापासून दोन नियम मी कधी मोडू दिलेले नाहीत: टोकन पाण्यात टिकणारे असेल, आणि टेबलाच्या आत पाहुणा पाऊल ठेवणार नाही, मग तो अध्यक्ष असो की प्रायोजक.

बिल्ल्यावर आकडे एकाच लिपीत असावेत. अर्धे बिल्ले जुने देवनागरी आकड्यांचे आणि अर्धे नवे इंग्रजी आकड्यांचे, असे मिश्रण मी अनेक मंडळांत पाहिले आहे आणि ते फार घातक आहे. देवनागरी एक हा इंग्रजी नऊसारखा दिसतो आणि देवनागरी चार हा इंग्रजी आठसारखा, त्यामुळे घाईत कोण कोणत्या लिपीत वाचतो यावर पिशवी ठरते. मोबाइलच्या क्रमांकामुळे हल्ली सगळ्या वयांच्या माणसांना इंग्रजी आकड्यांची सवय आहे, म्हणून मी तेच वापरतो. फक्त गोल बिल्ला उलटा धरला तर सहाचा नऊ होतो, म्हणून प्रत्येक आकड्याखाली आडवी रेघ मारून घ्यावी. बिल्ल्याला भोक असावे आणि त्यात दोऱ्याचा फास. नऊवारीला खिसा नसतो. गेल्या श्रावणात एक आजी कीर्तन संपल्यावर खिडकीशी आल्या, पदराच्या टोकाची गाठ दातांनी सैल केली, आतून आधी सुटे पैसे काढले, मग तुळशीची दोन पाने आणि मग आमचा बिल्ला. ज्यांच्याकडे तशी गाठ मारायची सवय नाही त्यांना दोऱ्याचा फास मनगटात घालायला किंवा पर्सच्या बंदाला अडकवायला सांगावे.

प्रत्येक खिडकीवर टेबलाशेजारी एक फळा हवा, ज्यावर ११२ खिळे क्रमाने ठोकलेले असतील आणि प्रत्येक खिळ्यावर त्या क्रमांकाची बिल्ल्यांची जोडी लटकत असेल. श्रोता भरलेली पिशवी टेबलावर ठेवतो. टेबलावरचा स्वयंसेवक फळ्यावरून एक जोडी काढतो, एक बिल्ला पिशवीच्या बंदात फास घालून अडकवतो, दुसरा श्रोत्याच्या हातात देतो, आणि आतला माणूस पिशवी त्या क्रमांकाच्या खणात ठेवतो. आधी बिल्ला, मग पिशवी आत. गर्दीत पिशव्या टेबलाखाली साठवून बिल्ले नंतर अडकवू, असे कोणी म्हणाले तर त्याला तेथल्या तेथे थांबवावे, कारण एकदा दोन पिशव्यांचे बिल्ले अदलाबदल झाले की ती चूक शेवटपर्यंत दिसत नाही.

परत देताना उलटा क्रम. श्रोता बिल्ला देतो, टेबलावरचा तो आतल्या माणसाच्या हातात देतो, आतला तो घेऊनच खणाकडे जातो, पिशवीवरच्या बिल्ल्याशी डोळ्यांनी जुळवतो आणि पिशवी आणतो. टेबलावरचा पुन्हा एकदा दोन्ही बिल्ले शेजारी धरून पाहतो, पिशवी देतो आणि जोडी तिच्या खिळ्यावर लटकवतो. येथे माझा एक आग्रह आहे: क्रमांक ओरडून सांगू नये, बिल्लाच हातात द्यावा. आपल्या स्वयंसेवकांत इंग्रजी माध्यमात शिकलेली मुले बरीच असतात. टेबलावरच्या काकांनी ‘एकोणसाठ’ म्हटले की ती मनात एकोणसत्तर धरून ६९ क्रमांकाची पिशवी घेऊन येतात, आणि ‘सदतीस’ ऐकून ७३ कडे धावतात, कारण आपण मराठीत एककाचा आकडा आधी म्हणतो. यात त्या मुलांचा दोष नाही. हातात बिल्ला असला की ऐकण्याचा प्रश्नच उरत नाही.

खिळ्यांच्या फळ्याचा खरा उपयोग शेवटी कळतो. जो खिळा रिकामा, त्या क्रमांकाची पिशवी अजून आत आहे. सर्व लोक गेल्यावर रिकामे खिळे आणि उरलेल्या पिशव्या यांची संख्या सारखी आली तर काम चोख झाले. खिळ्यावर जोडी आहे पण खणात पिशवी आहे, असे दिसले तर कोणाला तरी दुसऱ्याची पिशवी गेलेली आहे, आणि ते आपल्याला तो माणूस परत येण्याआधीच कळते.

जागा भरण्याच्या क्रमालाही महत्त्व आहे. कीर्तनाला लवकर येणारे लोक पुढे बसतात आणि शेवटी बाहेर पडतात. उशिरा येणारे दाराशी बसतात आणि आरतीच्या आधीच उठतात. म्हणून फळ्यावरून बिल्ले देताना टेबलापासून सर्वांत लांबच्या खणांचे आधी द्यावेत आणि जवळचे खण शेवटी भरावेत. असे केले की परतीच्या पहिल्या लाटेत आतल्या माणसाला दोन पावलांवर पिशवी मिळते आणि रांग सुरुवातीलाच तुंबत नाही. भिजलेल्या बुटांच्या जड पिशव्यांसाठी सर्वांत खालच्या थरातले थोडे क्रमांक वेगळे राखून ठेवावेत, म्हणजे वरून गळणारे पाणी दुसऱ्याच्या पिशवीवर पडत नाही.

छत्र्या, रेनकोट आणि हेल्मेट यांना चपलांच्या पिशवीत जागा देऊ नका. श्रावणात निम्मे लोक दुचाकीवर येतात आणि प्रत्येकाकडे या तिन्हींपैकी काहीतरी असते. त्यांच्यासाठी वेगळे टेबल, पांढरे बिल्ले, आणि मागे दोन बांबू आडवे बांधून त्यांवर छत्र्या मुठींनी टांगायच्या, खाली वाळू पसरायची. हेल्मेट त्याच बांबूला पट्ट्याने अडकवता येते. हे टेबल फाटकाच्या बाजूला असावे, म्हणजे लोक आधी पादत्राणे घालतात आणि मग जाता जाता छत्री घेतात. उलटे झाले तर ओली छत्री हातात घेऊन चपलांच्या रांगेत उभे राहतात आणि सगळे भिजते. लॅपटॉप, पैशांचे पाकीट, दागिने, औषधे आणि गाडीची किल्ली कोणत्याही टेबलावर घेऊ नये. हे फलकावर तर लिहावेच, पण पिशवी देणाऱ्याने तोंडानेही सांगावे, कारण पावसात भिजून आलेला माणूस फलक वाचत नाही. कीर्तनाच्या मध्येच कोणाला रक्तदाबाची गोळी हवी असते आणि ती हेल्मेटमध्ये कोंबलेल्या पिशवीत असते, असे मी तीन वेळा पाहिले आहे.

पादत्राणे काढण्याचा नियम दोन प्रकारच्या लोकांसाठी सैल ठेवावा, आणि हे मंडळाने आधीच ठरवून स्वयंसेवकांना सांगावे. मधुमेहामुळे ज्यांच्या पायांची संवेदना कमी झालेली असते त्यांना अनवाणी चालू नये असे डॉक्टर सांगतात, कारण खडा टोचला तरी त्यांना कळत नाही आणि जखम चिघळते. पोलिओ किंवा अपघातामुळे विशेष बूट वापरणारे लोक तो बूट काढला की चालूच शकत नाहीत. अशांसाठी बुटावरून घालायची कापडी खोळ ठेवावी, किंवा घरात वापरायची स्वच्छ चप्पल आणण्याची सूचना निमंत्रणातच द्यावी, आणि त्यांना दाराजवळ खुर्ची द्यावी. दारात उभे करून त्यांना कारण विचारू नये.

आता वेळेचा भाग. कीर्तन साडेसहाला असेल तर पावणेसहाला सगळ्या खिडक्या उघड्या हव्यात. साधारण साठ टक्के लोक शेवटच्या वीस मिनिटांत येतात, म्हणजे त्या वेळात सव्वादोनशे पिशव्या. चार खिडक्यांवर प्रत्येकी मिनिटाला तीनपेक्षा थोड्या कमी, आणि एक पिशवी घ्यायला वीस सेकंद लागतात, तेव्हा हे जेमतेम पण नीट बसते. अट एवढीच की लोकांनी चपला पिशवीत घालून टेबलाशी यावे, टेबलाशी आल्यावर बुटाची नाडी सोडू नये. पिशव्या देणाऱ्या तिघांचे खरे काम हेच आहे. पूर्वरंग सुरू झाला की प्रत्येक खिडकीवर एकेक माणूस ठेवून बाकीच्यांना कीर्तन ऐकू द्यावे, आणि मध्यंतराच्या नामगजरात पाळी बदलावी. चपलांच्या विभागात बसवलेल्या माणसाला वर्षानुवर्षे कीर्तन ऐकायलाच मिळत नाही आणि मग पुढच्या वर्षी तो येत नाही. मात्र उत्तररंगातील कथा शेवटाकडे आली की प्रमुखाने खूण करावी आणि आरती सुरू होण्याच्या आधी सर्व अठरा माणसे आपापल्या जागी उभी असावीत. आरतीनंतर बोलावायला गेलात तर स्वयंसेवकच गर्दीत अडकतात.

प्रसाद कोठे वाटायचा, हे चपलांच्या माणसांना विचारून ठरवावे, असे मी दरवर्षी मंडळांना सांगतो. प्रसाद हॉलच्या आत, व्यासपीठाजवळ दोन ठिकाणी वाटला तर लोक दहा-बारा मिनिटांत थोडे थोडे करून बाहेर येतात आणि चार खिडक्या आरामात पुरतात. प्रसाद बाहेर, चपलांच्या टेबलांजवळ वाटला तर दोन रांगा एकमेकींत शिरतात, एका हातात द्रोण आणि दुसऱ्या हातात बिल्ला असलेली माणसे टेबलाशी थांबतात, आणि बिल्ले जमिनीवर पडतात. रांगेतही अक्षरांचे फलक डोक्यावर उंच लावावेत, टेबलाच्या पुढे लावलेला फलक पहिल्या माणसाच्या पाठीमागे झाकला जातो. पिशवी मिळालेल्या माणसाने टेबलाशी चप्पल न घालता पुढच्या खुर्च्यांपर्यंत जावे आणि रिकामी पिशवी तेथल्या टोपलीत टाकावी, हे सांगायला एक माणूस उभा हवा.

टोकन हरवलेल्यांचे काम कोणत्याही खिडकीवर करू नये. त्यांना प्रमुखाच्या टेबलाकडे पाठवावे, बसायला खुर्ची आणि पाणी द्यावे, आणि गर्दी ओसरेपर्यंत थांबायची नम्रपणे विनंती करावी. बहुतेकांचे टोकन तेवढ्यात सापडते. ज्यांचे सापडत नाही त्यांना पिशवी दाखवण्याआधी वर्णन विचारावे: कोणते जोड, किती, रंग कोणता, पट्टा कसा, काही दुरुस्ती केलेली आहे का. पिशवी समोर आणून ‘हीच का?’ असे विचारले तर घाईतला माणूस हो म्हणतो. वर्णन जुळले की वहीत नाव, क्रमांक आणि सही घेऊन पिशवी द्यावी. हरवलेला बिल्ला नंतर दुसऱ्या कोणी आणला तर वहीतील नोंद पाहून लगेच उलगडा होतो. पुढच्या वर्षी मात्र त्या क्रमांकाची जोडी बाद करून नवी करावी, कारण घरात राहिलेला जुना बिल्ला वर्षभराने कोणीतरी प्रामाणिकपणे परत आणून देतो आणि खिळ्यावर तीन बिल्ले होतात.

दोन गोष्टींची तयारी आदल्या दिवशीच करून ठेवावी. पावसात वीज जाते, म्हणून प्रत्येक खिडकीवर बॅटरीवर चालणारा एक दिवा आणि एक हातातला टॉर्च असावा, आणि दोन्ही चालू करून पाहिलेले असावेत. हॉलच्या जनरेटरची तार पोर्चपर्यंत आलेली आहे असे गृहीत धरू नये. दुसरे म्हणजे, हॉलच्या कोणत्याही दारासमोर, विशेषतः मागच्या आणीबाणीच्या दारासमोर, क्रेट किंवा चपला येऊ देऊ नयेत. काही लोक टोकनाची रांग टाळायला मागच्या दाराशी चपला काढून ठेवतात; तेथे सुरुवातीचा तासभर एक माणूस उभा ठेवावा. आग लागली किंवा धूर दिसला तर स्वयंसेवकांनी टेबले ताबडतोब बाजूला सारून वाट मोकळी करायची आहे आणि कोणालाही चपलांसाठी थांबू द्यायचे नाही, हे अठराही जणांना शब्दशः सांगून ठेवावे.

आदल्या संध्याकाळी एका खिडकीची पूर्ण मांडणी करून वीस पिशव्यांची देवघेव प्रत्यक्ष करून पाहा, हातात घड्याळ धरून. वीस पिशव्या परत द्यायला साडेतीन मिनिटांच्या आसपास वेळ लागला तर चार खिडक्या पुरतील. पाच मिनिटे लागली तर बहुधा वाट अरुंद आहे किंवा खणांचे क्रमांक लहान अक्षरांत आहेत. ते दुरुस्त करून पुन्हा पाहा, आणि तरीही वेळ कमी झाला नाही तर पाचव्या खिडकीचे क्रेट आणि तीन माणसे त्याच रात्री ठरवून टाका.